बसणाऱ्याच्या मापाची पँट

एक छोटा प्रयोग करून पाहा. साधी शिवलेली पँट घालून आरशासमोर उभे राहा आणि मग खुर्चीत बसा. कमरेचा पट्टा मागून दोन-तीन इंच खाली सरकतो, पुढे जांघेत कापडाच्या चुण्या जमा होतात, पोटाला बटण टोचते आणि पायाची मोरी घोट्याच्या वर चढते. उठून उभे राहिले की सगळे पुन्हा जागेवर येते, म्हणून आपल्याला त्याचे काही वाटत नाही. व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती मात्र दिवसाचे दहा-बारा तास अशीच बसलेली असते आणि तिची पँट उभ्या माणसासाठी बेतलेली असते.

यात दिसण्याचा भाग आहेच, पण त्याहून महत्त्वाचा भाग त्वचेचा आहे. बसल्यावर शरीराचा बराचसा भार नितंबांमधल्या दोन हाडांवर येतो. त्या हाडांच्या आणि गादीच्या मध्ये मागचा खिसा, जाड शिवण किंवा जीन्सचा धातूचा रिबिट आला, की तेवढ्या जागी दाब वाढतो आणि त्वचेचा रक्तपुरवठा रोखला जातो. आपल्याला टोचले की आपण नकळत कूस बदलतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांना त्या भागात संवेदनाच नसते, त्यामुळे टोचल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. तासन्‌तास तसाच दाब राहिला, तर त्यातून दाबव्रण होतो. तो भरायला महिने लागू शकतात आणि तेवढा काळ खुर्ची सोडून अंथरुणात काढावा लागतो.

परदेशात अशा कपड्यांचा विचार जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये 1950च्या दशकात हेलन कुकमन या डिझायनरने डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या पुनर्वसन संस्थेबरोबर हे काम सुरू केले होते. टॉमी हिलफिगरसारखे ब्रँडही आता असे कपडे काढतात. पण त्यांची वाट पाहण्याची गरज नाही. गल्लीतला चांगला शिंपी हे काम करू शकतो. फक्त त्याला माप बसलेले द्यायला हवे.

ते कसे घ्यायचे, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, चाळिशीतल्या एका गृहस्थांना अपघातानंतर कमरेखाली संवेदना नाही. त्यांना जुना सैल पायजमा घालून त्यांच्याच व्हीलचेअरवर, त्यांच्याच गादीवर आणि पाय पायटेकूवर ठेवून बसवायचे. पट्टा जिथे यायला हवा, तिथे कमरेभोवती जमिनीला समांतर असे एक इलॅस्टिक बांधायचे. आता दिसेल की मागे पायजम्याची कड इलॅस्टिकच्या तीन इंच खाली राहिली आहे आणि पुढे कापड दोन इंच जास्त आहे. कुशीला फरक जवळजवळ शून्य आहे. पायाची मोरी बुटापासून दोन इंच वर आहे. शिंप्याला एवढे चार आकडे पुरतात. मागे तीन इंच वाढवायचे, पुढे दोन इंच कमी करायचे, कुशीला तसेच ठेवायचे आणि लांबी दोन इंच वाढवायची. कमरेचा घेरही बसूनच मोजावा, कारण बसल्यावर पोट पसरते आणि पोटाचे स्नायू निकामी असतील तर आणखीच पुढे येते.

पायजम्याऐवजी घरातली तयार पँट दुरुस्त करायची असेल, तर शिंपी पट्टा उसवतो. मागे मधोमध तीन इंच उंच आणि दोन्ही कुशींकडे निमुळती होत जाणारी कापडाची पाचर जोडतो, पुढून तशीच निमुळती पट्टी कापतो आणि पट्टा परत लावतो. अशी पँट हँगरवर तिरकी, काहीशी चुकलेली दिसते. शिंपीही बहुधा म्हणेल, ‘साहेब, हे वाकडं होतंय.’ त्याला बसलेल्या माणसावर घालून दाखवले की पटते. पुढचे कापड कमी झाल्याने चेन मात्र आखूड पडते. तिच्या जागी लांब चेन खालच्या जोडापर्यंत न्यावी. कॅथेटर किंवा लघवीचे भांडे वापरणाऱ्यांना तीच सोयीची ठरते.

मागचे खिसे पूर्ण काढावेत. नुसते तोंड शिवून टाकले तर दुहेरी कापड आतच राहते. कुशीच्या खिशातून बसल्यावर सुटे पैसे सांडतात, म्हणून खिसा मांडीच्या वरच्या बाजूला घ्यावा.

पट्टा पुढे सपाट आणि मागे दीड-दोन इंच रुंद इलॅस्टिकचा असावा. बारीक इलॅस्टिक किंवा परकरासारखी नाडी एकाच रेषेत दाब देते. पट्ट्याला आतून दोन्ही बाजूंना रुंद फितीचे दोन फास लावले, तर बोटांत जोर नसलेल्यांना त्यात मनगट घालून पँट वर ओढता येते. घरातली माणसे मात्र याच फासांना किंवा पट्ट्याला धरून माणूस उचलायला जातात. तसे कधीही करू नये, त्याने नितंबांची त्वचा कापडात ओढली जाऊन सोलवटते.

घट्ट कपड्याचा एक धोका वेगळाच आहे. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल, तर घट्ट पट्टा, तुंबलेले मूत्राशय किंवा मुडपलेली कॅथेटरची नळी यामुळे रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. डोके प्रचंड ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी ताठ बसवून कपडे सैल करावेत, नळी तपासावी आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

कापडाबाबत ‘शुद्ध सुती सगळ्यात चांगले’ हे पूर्ण खरे नाही. सुती घाम शोषते, पण ओले झाले की ओलेच राहते आणि ओली त्वचा लवकर सोलवटते. थोडे लायक्रा मिसळलेले, मऊ, ताणणारे सुती कापड बहुतेकांना चालते. गुळगुळीत पॉलिएस्टरवरून पलंग ते खुर्ची सरकणे सोपे जाते, पण त्याच गुणाने माणूस खुर्चीतही पुढे घसरत राहतो. जाड डेनिमच्या शिवणी तर टाळाव्यातच.

बंदांमध्ये वेल्क्रो सगळीकडे मिळते. त्याची खरखरीत बाजू अंगाकडे येऊ देऊ नये आणि धुताना ती बंद करावी, नाहीतर तंतू अडकून पकड जाते. टिच बटण दाबायला बोटांत बराच जोर लागतो. चुंबकाची बटणे हाताला सोपी, पण पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. चेनच्या सरकीत किल्लीची कडी अडकवली, तर बोट घालून ती ओढता येते. कुशीला पूर्ण उघडणारी चेन लावायची असेल, तर ती थोडी पुढे, मांडीच्या वरच्या अंगाला घ्यावी, खाली आली तर तिच्यावरच बसणे होते.

नवी पँट पहिल्या दिवशी तासभरच घालावी आणि उतरवून आरशाने किंवा घरच्यांकडून नितंब, मांड्यांची मागची बाजू आणि कंबर तपासावी. शिवणीचा वळ थोड्या वेळात जायला हवा. अर्ध्या तासानेही लाली राहिली किंवा बोटाने दाबल्यावर ती फिकी पडत नसेल, तर ती पँट बाजूला ठेवावी आणि त्या जागेवर भार येऊ देऊ नये. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हाताने पाहावे. आजूबाजूपेक्षा जागा गरम, कडक किंवा जास्त काळपट लागली, तर तीच लाली समजावी आणि डॉक्टरांना दाखवावे.