अपील टाकलं, आता किती थांबायचं?

माहिती अधिकाराचा अर्ज करणारा माणूस बहुधा अधिकाऱ्यामुळे अडतो. कधी मात्र तो स्वतःच्या घाईमुळेच मागे पडतो.

समजा, वारसनोंदीच्या फेरफाराची कागदपत्रं मागणारा अर्ज कार्यालयात 2 जूनला पोचला. उत्तरासाठी 30 दिवस, म्हणजे 2 जुलैपर्यंत. अनेक जण पंचविसाव्या दिवशीच वैतागून पहिलं अपील टाकतात. मुदत संपण्याआधीचं अपील 'अकाली' म्हणून निकाली निघू शकतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. 2 जुलैपर्यंत उत्तर आलंच नाही, तर पुढचे 30 दिवस, 1 ऑगस्टपर्यंत, अपील करता येतं. महाराष्ट्रात त्यावर 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

अपील 10 जुलैला दाखल झालं असं धरू. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला 30 दिवस, लेखी कारण दिलं तर 45 दिवस, म्हणजे फार तर 24 ऑगस्टपर्यंत वेळ आहे. 9 ऑगस्टनंतरही शांतताच असेल, तर स्मरणपत्र द्यायला हरकत नाही. मात्र त्यावर 'अपील' हा शब्द मथळ्यात लिहू नका. नाहीतर आवक-जावक टेबलावर त्याला नवा क्रमांक पडतो आणि जुन्या फाईलशी त्याची गाठ पडेल याची खात्री राहत नाही. 'स्मरणपत्र' लिहा, खाली जुना अपील क्रमांक आणि तारीख द्या, पोचची प्रत जोडा आणि एवढंच विचारा: 'सुनावणीची तारीख कळवावी, ही विनंती.' दोन ओळी पुरतात. साहेबांच्या कारभारावरचं भाषण घरी ठेवा. 'सातबाराही द्यावा' अशी नवी मागणी तर मुळीच घालू नका. अपिलात फक्त मूळ अर्जातलीच माहिती मागता येते. जास्तीची हवी तर नवा अर्ज, नवे 30 दिवस.

दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, 90 दिवसांत. इथे वाद नको म्हणून मी तारीख 9 ऑगस्टपासून मोजतो: 7 नोव्हेंबरच्या आत. पण आयोगाने ते किती दिवसांत निकाली काढावं, हे कायद्यात लिहिलेलंच नाही. खंडपीठांकडे प्रलंबित अपिलं साचलेली असतात. वर्षभर, कधी त्याहून जास्त, थांबायची तयारी हवी. दर आठवड्याला पत्र पाठवून क्रम पुढे सरकत नाही. तीन-चार महिन्यांनी एकदा, दुसऱ्या अपिलाचा क्रमांक देऊन खंडपीठात चौकशी करा. तेच अपील 'आठवण म्हणून' पुन्हा पाठवू नका.

दरम्यान घर बदललंत तर मात्र लगेच त्याच क्रमांकावर नवा पत्ता कळवा. सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावरच जाते.