मांजराच्या पिल्लाचा नायटा

चांदवडच्या वस्तीत उंदरांमुळे घरोघरी मांजर असते, आणि पिल्लू झाले की ते मुलांच्या अंथरुणातच झोपते. समजा, अशा पिल्लाच्या कानाजवळचे केस गोल गळाले, तिथे कोंडा दिसू लागला आणि आठवड्याभरात मुलीच्या हातावर लाल कड्याचा चट्टा उठला. हा बहुधा नायटा, म्हणजेच गजकर्ण. मांजरातील हा रोग बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतो आणि तो माणसाला लागतो.

पशुवैद्यकाकडे गेल्यावर ते अंधाऱ्या खोलीत वूडचा दिवा पिल्लाच्या अंगाजवळ धरतात. या बुरशीने धरलेला केस मुळापासून हिरवट चमकतो. मलम किंवा धूळही चमकते, पण ती चमक पांढुरकी-निळसर असते. मात्र केस चमकला नाही म्हणून पिल्लू निरोगी आहे, असे समजू नये. या बुरशीचे सगळेच प्रकार चमकत नाहीत आणि दुसऱ्या जातीच्या बहुतेक बुरशी तर चमकतच नाहीत.

म्हणून कल्चर करतात. नवा टूथब्रश पिल्लाच्या सगळ्या अंगावरून दोन-तीन मिनिटे फिरवतात आणि त्यावरचे केस बुरशी वाढवण्याच्या पिवळ्या खाद्यावर टेकवतात. नायट्याची बुरशी वाढू लागली की खाद्य लाल होते. पण इतर बुरशीनेही रंग बदलू शकतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून खात्री करावी लागते. निकालाला तीन आठवडेही लागतात. लक्षणे स्पष्ट असतील तर डॉक्टर त्याआधीच औषध सुरू करतात. तोवर पिल्लाला धुता येईल अशा एकाच जागेत ठेवावे, पण त्याच्याशी खेळणे आणि त्याला खाऊ घालणे सोडू नये. उचलल्यानंतर साबणाने हात धुवावेत.

घरात खरा त्रास गळलेल्या केसांचा. त्यावरची बुरशी महिनोन्‌महिने टिकते. कोरडा झाडू मारला तर ती हवेत उडते. म्हणून ओल्या फडक्याने केस उचलावेत, मग फरशी साबणाच्या पाण्याने धुवावी. शेवटी एक लिटर पाण्यात तीस मिलि घरगुती ब्लीच घालून फरशी दहा मिनिटे ओली ठेवावी. केस आणि मळ आधी काढला नाही तर ब्लीचचा उपयोग होत नाही. ब्लीचमध्ये फिनेल किंवा ॲसिड कधीही मिसळू नये. गोधड्या, चादरी दोनदा धुवून कडक उन्हात वाळवाव्यात.

मुलीच्या हातावरच्या चट्ट्याला दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नये. खाज थांबते, पण चट्टा पसरत राहतो. डोक्यात नायटा असेल तर नुसते मलम केसांच्या मुळापर्यंत पोहोचत नाही, पोटातून गोळी घ्यावी लागते. त्यामुळे मुलीला डॉक्टरांना दाखवताना घरात आजारी पिल्लू आहे हे आवर्जून सांगावे. लहान बाळ, म्हातारी माणसे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांना पिल्लापासून दूर ठेवावे.

पिल्लाचे केस परत उगवले म्हणजे रोग गेला असे नाही. कल्चर पुन्हा करून त्यात बुरशी आली नाही, तरच औषध बंद करावे.