शिडनौका थोपविणे

शिडनौका थोपविणे : भर समुद्रात शिडे न उतरविता व नांगर न टाकता नौकेचा वेग जवळजवळ नाहीसा करून तिला वाऱ्याशी ठराविक कोनात स्वस्थ ठेवण्याच्या क्रियेस नौका थोपविणे किंवा ‘हीव्ह-टू’ करणे असे म्हणतात. एका डोलकाठीच्या, ८ ते १२ मी. लांबीच्या व दोन-तीन माणसांनी चालवावयाच्या प्रवासी नौकेवर हिचा उपयोग विशेष होतो. दीर्घ प्रवासात थकलेल्या नाविकांना झोप घेणे, स्वयंपाक करणे, नौकेची किरकोळ दुरुस्ती करणे, अनोळखी बंदरात शिरण्यासाठी उजाडण्याची वाट पाहणे किंवा चंडवात (अचानक उठणारा व थोड्या वेळात ओसरणारा जोराचा वारा) अंगावरून जाऊ देणे अशा वेळी नौका थोपवितात. थोपविलेली नौका स्थिर नसते. ती वाऱ्याच्या रोखाने सावकाश वाहत राहते. हे वाहणे किती व कोणत्या दिशेने होईल, याचा आधी हिशेब करणे हा या क्रियेचा आवश्यक भाग होय.

तत्त्व : अशा नौकेवर सामान्यतः दोन शिडे असतात. डोलकाठीच्या मागे बूम या आडव्या दांड्यास जोडलेले ते मुख्य शीड व डोलकाठीच्या पुढे असलेले त्रिकोणी शीड ते जिब. नौकेच्या तळाखालील खोल कणा पाण्यात आडवा विरोध करतो आणि नौका या कण्याच्या मध्याभोवती वळू पाहते. जिब या मध्याच्या पुढे असल्याने त्यावरील दाब नौकेचे नाळेकडील म्हणजे पुढचे टोक वाऱ्यापासून दूर ढकलतो, तर मुख्य शिडावरील दाब मागील भाग ढकलून नाळ वाऱ्याकडे वळवितो. नौका थोपविताना जिब जाणूनबुजून उलट्या बाजूस, म्हणजे वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूस ओढून बांधतात. त्यामुळे वारा जिबच्या पाठीवर आदळतो. ते नौकेस पुढे ओढीत नाही, उलट तिला अडविते व तिची नाळ वाऱ्यापासून दूर ढकलते. त्याच वेळी नाळ वाऱ्याकडे वळेल अशा रीतीने सुकाणू बांधून टाकतात.

यानंतर नौका स्वतःच आपला तोल राखते. जिबच्या दाबाने नाळ वाऱ्यापासून थोडी दूर गेली की मुख्य शीड भरते, नौकेस किंचित गती मिळते आणि वाहत्या पाण्यामुळे सुकाणूचा परिणाम होऊन नाळ पुन्हा वाऱ्याकडे येते. ती फार जवळ आली की मुख्य शीड फडफडू लागते, गती संपते, गतीबरोबर सुकाणूचा जोरही जातो आणि जिब नाळेस पुन्हा दूर ढकलते. अशा लहान लहान हेलकाव्यांत नौका वाऱ्याशी सुमारे ४५ ते ६० अंशांचा कोन ठेवून राहते. शिडांवरील सततच्या दाबामुळे ती एका बाजूस थोडी कललेली असते व म्हणून शिडे उतरविलेल्या नौकेप्रमाणे दोन्ही बाजूंस वेड्यावाकड्या गटांगळ्या खात नाही. झोप व स्वयंपाक शक्य होतो तो मुख्यतः यामुळे.

कृती : प्रथम वाऱ्याच्या मानाने शिडे आखडून घेतात. २५ नॉटच्या आसपास वारा असल्यास मुख्य शीड दोन टप्पे आखडणे व लहान जिब लावणे बहुधा योग्य ठरते. नंतर नौका वाऱ्याच्या जितक्या जवळ चालेल तितकी नेऊन तिची नाळ वाऱ्यातून दुसऱ्या बाजूस वळवितात. एरवी या वेळी जिबचा दोर सोडून ते दुसऱ्या बाजूस घेतात. येथे तो दोर तसाच ठेवतात. नाळ वाऱ्यापलीकडे गेल्यावर जिब आपोआप उलटे भरते. आता नौकेची गती संपेपर्यंत थांबणे अगत्याचे असते. गती शिल्लक असताना सुकाणू वाऱ्याकडे वळविले, तर नौका पुन्हा वाऱ्यातून पार होऊन सर्व क्रिया फसते. गती संपल्यावर सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस ढकलून, किंचित लवचीक राहील अशा दोराने बांधतात. चाक असल्यास ते वाऱ्याच्या बाजूस फिरवून अडकवितात. शेवटी मुख्य शिडाचा दोर थोडा थोडा ढिला करून किंवा ओढून इष्ट कोन साधतात.

तोल साधला की नाही हे पाण्याकडे पाहून कळते. नौका आडवी सरकत असताना कण्यामुळे ढवळलेल्या पाण्याचा गुळगुळीत पट्टा तिच्या वाऱ्याकडील बाजूस पसरलेला दिसतो. तो नाळेच्या समोरून येणाऱ्या लाटांच्या आड राहिला, तर नौका योग्य रीतीने थोपलेली आहे. पट्टा मागील टोकाकडून दूर पडत असेल, तर नौका अद्याप पुढे चालली आहे असे समजावे. अशा वेळी मुख्य शीड अधिक ढिले करतात किंवा आखडतात. नाळ फार खाली पडून लाटा कुशीवर येऊ लागल्यास जिब प्रमाणाबाहेर मोठे आहे. ते लहान करून मुख्य शीड किंचित ओढतात. उलट नौका वारंवार वाऱ्यात शिरून पार होण्याच्या बेतात येत असेल, तर मुख्य शिडाचा जोर कमी करावा लागतो. हा पट्टा लाटांचे शिखर मोडून त्यांचा जोर कमी करतो, असे अनेक अनुभवी नाविकांचे मत आहे. तथापि त्यावर सर्वांचे एकमत नाही.

उलटे ओढलेले जिब डोलकाठीच्या तारेवर घासत राहिले, तर काही तासांत त्याचे कापड किंवा दोर झिजून तुटतो. म्हणून दर तास-दोन तासांनी दोर थोडा पुढे-मागे करून घासण्याची जागा बदलतात.

उदाहरण : इंग्लंडमधील फालमथहून स्पेनमधील ला कोरुन्या या सु. ४३० सागरी मैलांवरील बंदराकडे निघालेली ९ मी. लांबीची व लांब कण्याची एक नौका बिस्के उपसागराच्या मुखाशी निम्म्या वाटेवर आहे, असे समजू. वारा नैर्ऋत्येकडून २५ नॉटचा असून तो डाव्या बाजूने घेत ती पश्चिमेकडे चालली आहे. दोघे नाविक थकले आहेत. मध्यरात्रीच्या सुमारास शीत सीमा म्हणजे थंड हवेची आघाडी येऊन वारा वायव्येकडे फिरेल, असा हवामानाचा अंदाज आहे.

नौका उजव्या बाजूने वारा घेत थोपविली, तर नाळ जवळजवळ दक्षिणेकडे राहील आणि नौका पूर्व-आग्नेयेस वाहील. त्या दिशेस फ्रान्सचा किनारा दोनशे सागरी मैलांहून दूर आहे. वाहण्याचा वेग ताशी दीड सागरी मैल धरल्यास संध्याकाळी सहा ते मध्यरात्र या काळात ती सु. ९ मैल जाईल. वेग दुप्पट धरला, तरी १८ मैलच होतात. तेव्हा जागा विपुल आहे. मध्यरात्री वारा वायव्येकडे फिरला की नौकाही त्याबरोबर वळून तिची नाळ पश्चिमेच्या थोडी दक्षिणेस येईल. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या जुन्या लाटा त्यामुळे नाळेच्या डाव्या बाजूस सु. ४० अंशांवर येतील. डाव्या बाजूने वारा घेत ती थोपविली असती, तर वारा फिरल्यावर नाळ उत्तरेकडे वळून त्याच लाटा तिला मागून व आडव्या गाठल्या असत्या. उत्तर गोलार्धात अशी सीमा अपेक्षित असताना उजव्या बाजूने वारा घेण्याचा प्रघात आहे, तो याच कारणाने. पहाटे चार वाजेपर्यंत नौका आणखी सु. ६ मैल, पण आता दक्षिण-नैर्ऋत्येस म्हणजे गंतव्य बंदराच्याच रोखाने वाहते. निघताना सुकाणू सोडून जिबचा वाऱ्याकडील दोर ढिला करतात व दुसऱ्या बाजूचा ओढतात. नौका लगेच गती घेते. वारा आता उजव्या बाजूने व किंचित मागून असल्याने बाजू बदलण्याचीही गरज पडत नाही.

बाजू निवडताना शेगडीची जागाही पाहतात. शेगडी नौकेच्या कललेल्या बाजूस असेल, तर भांडे लवंडल्यास ऊन पदार्थ स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगावर न येता नौकेच्या भिंतीकडे जातो. ती वरच्या बाजूस असल्यास भाजण्याचा धोका वाढतो. या दोन विचारांत विरोध आला, तर किनारा व लाटा यांना अग्रक्रम देतात आणि स्वयंपाकापुरती बाजू बदलतात.

थोपविलेली नौका आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार (१९७२) चालती नौकाच समजली जाते. तिला रात्री चालत्या नौकेचे दिवे लावावे लागतात व एकाने पहारा करावा लागतो. दोन शिडनौकांपैकी डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या नौकेने दुसरीस वाट द्यावयाची असते. त्यामुळे वरील उदाहरणातील निवड या दृष्टीनेही सोयीची आहे. परंतु मालवाहू जहाजावरील पहारेकऱ्यास लहान नौका दिसलीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

मर्यादा : लांब कण्याच्या नौका सहज थोपतात. अरुंद, खोल कणा व सुटे सुकाणू असलेल्या आधुनिक हलक्या नौकांची नाळ वाऱ्याने इकडेतिकडे ढकलली जाते. त्यांपैकी काही जिब पूर्ण गुंडाळून केवळ आखडलेल्या मुख्य शिडावर बऱ्या थोपतात. प्रत्येक नौकेची योग्य मांडणी मध्यम वाऱ्यात प्रयोग करून आधीच ठरवावी लागते. चंडवाताची काळी रेषा क्षितिजावर दिसताच नौका थोपवितात. तो अंगावर आल्यावर मोठी शिडे आखडणे कठीण असते.

किनारा वाऱ्याच्या रोखाने जवळ असेल तेथे ही पद्धत वर्ज्य होय. खोल समुद्रातही लाटांची केवळ उंची धोक्याची नसते, धोक्याचे असते ते त्यांचे फुटणे. फुटणाऱ्या लाटेची उंची नौकेच्या लांबीच्या सुमारे एक-तृतीयांशाहून अधिक झाल्यास तिच्यासमोर आडवी सापडलेली नौका उलटू शकते, ९ मी. लांबीच्या नौकेस ३ मी. उंचीची फुटती लाट पुरते. अशा वेळी काही नाविक नाळेकडून हवाई छत्रीसारखा पाण्यातील नांगर सोडून नौकेस लाटांकडे धरून ठेवतात. लिन व लॅरी पार्डी या दांपत्याने आपल्या लहान नौकांवर ही पद्धत विशेष पुरस्कारिली. दुसरा मार्ग लाटांकडे पाठ करून मागून लांब दोर ओढीत जाण्याचा. मुंबईच्या कुलाबा येथे सागवानात बांधलेल्या ‘सुहैली’ या सु. ९.८ मी. लांबीच्या नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८–६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा दक्षिण महासागरातील मोठ्या वादळांत त्यांनी हाच मार्ग अवलंबिला. लाटा फुटू लागल्या, पाण्याचा पट्टा त्यांना अडवेनासा झाला व नौका वारंवार कुशीवर येऊ लागली, की थोपविण्याची पद्धत सोडून यांपैकी दुसरा उपाय योजण्याची वेळ आली असे मानतात.