सेल्फीला काय उत्तर द्यावं?

रविवारी सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसबहिणीचा सेल्फी येतो. मागे छोटं देऊळ, बाजूला कोणीतरी हसत उभं, खाली एकच शब्द : ‘पोचलो!’ पाठोपाठ उत्तरं सुरू होतात. ‘किती काळवंडलीस गं!’ ‘बारीक झालीस, डाएट करतेस का?’ ‘शेजारचा कोण?’ एक काका तर आणखी पुढे जातात : ‘जावईबापू वाटतं!’ यानंतर बहीण गप्प होते. ती कळसूबाईवर चढली होती, हे ग्रुपवर कोणाच्या लक्षातच आलं नाही.

या उत्तरांत कोणाच्याच मनात वाईट नसतं. फोटोत चेहरा सगळ्यात मोठा दिसतो म्हणून आपण चेहऱ्यावर बोलतो, एवढंच. पण तो मोठा दिसतो तो हाताच्या लांबीमुळे. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असलेलं सगळं फुगतं, मागचं आक्रसतं. चेहऱ्यापासून 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ 30 टक्के मोठं भासतं, असं 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणित करून दाखवलं. त्यात प्रकाश, घाम, फोनने आपणहून उजळलेली कातडी. मग ‘काळवंडलीस’ आणि ‘बारीक झालीस’ हे निम्मं तरी फोनबद्दलचंच बोलणं ठरतं. उरलेलं निम्मं खरं असलं तरी त्यामागचं कारण आपल्याला ठाऊक नसतं. वजन आजारपणाने उतरतं, काळजीनेही उतरतं. ज्याला आपण कौतुक समजतो, ते समोरच्याला उत्तर न देता येण्याजोगा प्रश्न वाटू शकतं. सगळ्या नातेवाइकांसमोर तर नक्कीच.

मग बघायचं काय? चेहऱ्याच्या मागे काय आहे ते. सेल्फी काढणारा माणूस कशासाठी धडपडलाय, हे फोटोतच दिसतं. मावसबहिणीने फोन डोक्याच्या वर धरलाय, स्वतःचा एक कान कापला गेला तरी चालेल, पण देवळाचा कळस पूर्ण आलाय. म्हणजे दाखवायचं होतं ते देऊळ. कळसूबाई म्हणजे 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून निघालं की वाटेत लोखंडी शिड्या लागतात. एवढं माहीत असेल तर उत्तर आपोआप सुचतं : ‘अरे वा, कळसूबाई! शिड्यांवर गर्दी होती का? भंडारदऱ्याचं पाणी दिसलं की धुकंच?’ असं विचारलं की तिला सांगायला गोष्ट मिळते. ती पहाटे किती वाजता निघाले, शेवटच्या शिडीवर पाय कसे लटपटले, हे सगळं सांगेल. शिखर ओळखता आलं नाही तरी बिघडत नाही. ‘कुठलं देऊळ हे? एवढ्या सकाळी वर कसे पोचलात?’ हेही छान उत्तर आहे.

शेजारच्या माणसाचं काय? त्याचं नाव तिने दिलेलं नाही, तर आपणही त्याला नातं चिकटवायचं नाही. नवरा, मित्र, भाऊ, मुलगा; अंदाज चुकला की दोघांचीही पंचाईत होते, आणि बरोबर आला तर जे तिला स्वतः सांगायचं होतं ते काकांनी आधीच जाहीर केलेलं असतं. ‘तुम्हा सगळ्यांना शाबासकी’ म्हटलं की तोही त्यात आला. गळ्यात मंगळसूत्र आहे का, कपाळाला काय लावलंय, यावरून निष्कर्ष काढणं हा तर याच खोडीचा सगळ्यात ओंगळ प्रकार.

अंदाजाचा दुसरा घोटाळा शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर होतो. नंबर सेव्ह नसतो, सेल्फी येतो, आणि लोक ओळखण्याची शर्यत लावतात. तीन चुकीची नावं वाचल्यावर त्या माणसाला आपण कोणालाच आठवत नाही, एवढंच कळतं. त्यापेक्षा ‘नंबर सेव्ह नाही माझ्याकडे, नाव सांगशील?’ असं सरळ विचारलेलं बरं. त्यात कसलाच अपमान नाही.

आता एक अडचण. फोटोत मागे भिंतच असेल, खाली शब्दही नसेल, नुसता चेहरा असेल, तर? तेव्हा फोटोवर बोलण्याऐवजी माणसाशी बोलावं : ‘बऱ्याच दिवसांनी दिसलास, काय चाललंय?’ मागे दवाखान्याची खाट किंवा सलाइनची नळी दिसली, तर ग्रुपवर ‘काय झालं?’ विचारू नये. एकट्याला मेसेज करून ‘काही लागलं तर फोन कर’ म्हणावं.

आणि समोरच्याने स्वतःच ‘नवा चष्मा कसा वाटतो?’ विचारलं असेल, तर मात्र गडकिल्ल्यांवर बोलू नये. चष्म्यावरच बोलावं : चौकट जाड आहे, रंग आवडला, आधीची बरी होती. तिथे सोज्वळपणे विषय बदलला की त्याला वाटतं, चष्मा नक्कीच वाईट दिसतोय.