मांजर बोलत नाही, पंजे बोलतात

‘फ्लो’ या चित्रपटातला कॅपिबारा जो आवाज काढतो, तो कॅपिबाराचा नाही, उंटाच्या पिल्लाचा आहे. खऱ्या कॅपिबाराचा आवाज बारीक आणि चिरका असतो. पडद्यावरचा कॅपिबारा मात्र जाडजूड, संथ, कशानेही न बिथरणारा. त्याच्या तोंडी तो चिरका आवाज घातला असता, तर त्याच्या शांतपणावर कुणाचाच विश्वास बसला नसता. म्हणून साऊंड डिझायनर ग्यूरवाल कोईक-गाल यांनी उंटाचं पिल्लू निवडलं. मांजरासाठी मात्र त्यांनी स्वतःच्या घरातल्या मांजरीचा आवाज वापरला.

लाटव्हियाचे दिग्दर्शक गिन्ट्स झिल्बालोदिस यांचा हा चित्रपट 2024 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. महापुरात सापडलेलं एक काळं मांजर आणि एका नावेत त्याच्याबरोबर अडकलेले कॅपिबारा, कुत्रा, लेमूर आणि एक मोठा पक्षी, एवढीच पात्रं. संवाद एकही नाही. त्यात हे मांजर कार्टूनमधल्यासारखं भुवया उडवत नाही, हसत नाही, रडत नाही. खऱ्या मांजरासारखंच वागतं. त्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय ते कळायला कान, डोळे आणि शेपटी सोडली, तर आपल्यापाशी उरतो तो आवाज.

या आवाजाचे दोन मोठे थर असतात. पहिला फोलीचा. जॅक फोली यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत चित्र पाहत पाहत पावलांचे, कपड्यांचे, वस्तूंचे आवाज करायची पद्धत रुळवली. त्यांचंच नाव या कामाला मिळालं. अ‍ॅनिमेशनमध्ये हे काम अधिक जोखमीचं, कारण इथे चित्रीकरणाच्या वेळचा कोणताच आवाज हाताशी नसतो. जे ऐकू येईल, ते कुणीतरी मुद्दाम केलेलं असतं. दुसरा थर संगीताचा. प्रेक्षकाला हे दोन्ही एकच वाटायला हवेत, आणि करणाऱ्याला मात्र कोणता थर कधी पुढे आणि कधी मागे ठेवायचा, हे क्षणाक्षणाला ठाऊक हवं.

असा एक प्रसंग आपण रचून पाहू. वीस सेकंदांचा. भिजलेलं मांजर पाण्यातून नावेत चढतं, अंग झटकतं, दबकत जाऊन झोपलेल्या कॅपिबाराजवळ थांबतं आणि शेवटी त्याला टेकून बसतं. भीतीपासून विश्वासापर्यंतचा हा प्रवास एका शब्दाविना ऐकू यायला हवा.

सुरुवात पंजांपासून. खरं मांजर चालताना जवळजवळ आवाज करत नाही. पण पडद्यावर तशी शांतता ठेवली, तर ते फळीच्या दोन बोटं वर तरंगतंय असं वाटतं. वजन दिसायला ते आधी ऐकू यावं लागतं. फोली आर्टिस्ट हातमोज्याच्या बोटांना नकली नखं किंवा कागदाच्या क्लिपा चिकटवून लाकडी फळीवर नखांचा आवाज काढतात. पंजाच्या गादीसाठी मऊ चामडं आणि ओल्या अंगासाठी पाण्यात भिजवलेलं कातडं वापरतात. नखं आणि गादी वेगवेगळ्या ध्वनिपट्टीवर ठेवायची, कारण भावना त्यांच्या प्रमाणात दडलेली असते. घाबरलेलं मांजर नखं रोवून चालतं, निर्धास्त मांजर गादीवर चालतं. आपल्या प्रसंगात चढतानाची पहिली सहा सेकंदं नखंच पुढे ठेवायची. फळीवरची खरखर, नावेची करकर, खाली पाणी. संगीत अजिबात नाही.

इथेच बहुतेक नवख्यांचा हात सुटतो. मांजर धडपडतंय म्हणून ते लगेच व्हायोलिनं थरथरवतात. पण धडपड नखांनी सांगून झालेली असते. संगीतानं तेच पुन्हा सांगितलं, की दोन्ही स्वस्त होतात. संगीतानं प्रत्येक पावलावर ठेका धरला तर आणखी वाईट. जुन्या डिस्ने कार्टूनवरून या सवयीला मिकी-माउसिंग असंच नाव पडलंय. गमतीच्या प्रसंगात ते खुलतं. पण ज्या पात्राबद्दल आपल्याला काळजी वाटायला हवी, त्याला ते कळसूत्री बाहुली करून टाकतं. माझ्या मते फोलीनं शरीराला काय होतंय ते सांगावं आणि संगीतानं शरीराला अजून कळलेलं नाही ते.

सातव्या सेकंदाला मांजर अंग झटकतं, थेंब फळीवर टपटपतात, आणि मग थोडी जागा मोकळी सोडायची. त्या जागेत कॅपिबाराचा श्वास ऐकू येतो, खोल आणि संथ. बाराव्या सेकंदाला चेलोचा एकच लांब सूर, त्या श्वासाच्या जवळच्या पट्टीत, इतका हळू सुरू करायचा की संगीत कुठून सुरू झालं ते कुणाला सांगता येऊ नये. मांजर पुढे सरकतं तसतशी नखं मागे जातात, गादी पुढे येते. ते टेकून बसतं तेव्हा पायांचा आवाज संपलेला असतो आणि सुराला दुसरा सूर येऊन मिळतो.

अडचण असते ती पाण्याची. वाहत्या पाण्याची सळसळ खालच्यापासून वरच्या पट्टीपर्यंत सगळीकडे पसरलेली असते आणि ती नाजूक स्वर गिळून टाकते. संगीताचा आवाज वाढवत नेला, तर सगळंच गोंगाटी होतं. त्यापेक्षा सूर येण्याआधीच्या तीन-चार सेकंदांत पाणी हळूहळू उतरवावं. ऐकणाऱ्याला पाणी थांबल्याचं जाणवलं, तर उतरवण्याची घाई झाली असं समजावं. मांजराच्या घुरघुरीचंही असंच. तिचा पाया पंचवीस-तीस हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या जवळजवळ तळाशी असतो. डबल बास त्याच वेळी वाजत असेल, तर घुरघुर त्यात बुडून जाते. मोबाइलच्या स्पीकरवर तर तो तळ उमटतच नाही. म्हणून घुरघुरीतला वरचा, श्वासासारखा खरबरीत भाग वेगळा उचलून द्यावा लागतो आणि तिच्या वेळी बासला गप्प बसवावं लागतं.

मिश्रण जमलं का, हे तपासायची साधी रीत आहे. आधी फक्त संगीत बंद करून प्रसंग पाहायचा. मांजर घाबरलंय आणि मग सैलावलंय, हे कळायलाच हवं. मग संगीत ठेवून फोली बंद करायची. प्रसंग सुंदर दिसेल, पण मांजराला वजन नसेल. दोन्हींपैकी काहीही बंद केल्यावर काहीच उणं वाटलं नाही, तर तो थर तिथे नकोच होता. पावलाचा आवाज चित्राच्या आधी आला, तर सेकंदाच्या चोविसाव्या भागाएवढी, म्हणजे एका फ्रेमची चूकही सरावलेल्या कानाला खटकू शकते. तेवढाच उशीर झाला तर मात्र सहसा चालून जातो, कारण लांबचा आवाज दृश्यानंतर पोहोचण्याची आपल्याला सवय असते.

यातली एक गोष्ट मात्र साऊंड डिझायनरच्या हातात नसते. अंग झटकून झाल्यावरची ती मोकळी जागा अ‍ॅनिमेटरनं ठेवलेलीच नसेल, मांजर लगेच पुढे सरकत असेल, तर श्वास ऐकवायला वेळच उरत नाही. झिल्बालोदिस यांनी ‘अवे’ हा आपला 2019 चा मूकपट संगीतासकट एकट्यानं केला होता. ‘फ्लो’चं संगीतही त्यांनी रिहार्ड्स झालुपे यांच्यासोबत केलं आणि पटकथा लिहीत असतानाच सूर रचायला सुरुवात केली. ‘फ्लो’मधले लांबलचक, न तुटणारे शॉट सुराला थांबायला जागा देतात, कारण ते आखले जात होते तेव्हा काही सूर आधीच वाजत होते.