सोसायटीचा थ्री-डी प्रिंटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोसायटीसाठी एक थ्री-डी प्रिंटर घ्यावा आणि घरोघरचे तुटके नॉब, पडद्याचे ब्रॅकेट, ड्रॉवरच्या क्लिपा त्यावर करून घ्याव्यात, असा प्रस्ताव कमिटीपुढे आला की पहिला समज ठरलेला: तुटकी वस्तू दाखवायची, यंत्र तशीच नवी काढून देईल.

यंत्राला वस्तू कळत नाही, मापाचं चित्र कळतं. दिल्लीच्या उन्हाळ्यात हमखास तुटणारा कूलरचा नॉब घ्या. आतली दांडी बहुधा ६ मिलिमीटर जाडीची आणि एका बाजूने चपटी असते. नॉब फुटतो तो या दांडीभोवतीच्या पातळ भिंतीशी. दांडीचा व्यास आणि चपट्या बाजूवरची जाडी, ही दोन्ही मापं व्हर्नियर कॅलिपरने घ्यायची. छापलेलं भोक चित्रापेक्षा थोडं लहान भरतं, म्हणून चित्रात ते ६.२ मिलिमीटर धरायचं. आधी फक्त ५ मिलिमीटर उंचीची कडी छापून दांडीवर बसवून पाहायची. ती नीट बसली की भिंत मुळापेक्षा जाड ठेवून पूर्ण नॉब छापायचा. छपाईपेक्षा मापाला आणि चित्राला जास्त वेळ जातो, आणि ते येणारा माणूस नसेल तर यंत्र क्लब हाउसमध्ये धूळ खाईल.

दुसरा समज, प्लास्टिक सगळं सारखंच. सर्वांत सोपं आणि लोकप्रिय पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं. जूनच्या उन्हात पश्चिमेच्या बाल्कनीत किंवा बंद गाडीत त्याचा ब्रॅकेट वाकणारच. तिथे ८० अंशांपर्यंत टिकणारं पीईटीजी हवं. मात्र ते हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात छापताना बारीक फटफट आवाज आला आणि वस्तूवर तंतू लोंबू लागले, तर रीळ आधी सुकवावं. शिवाय वस्तू थरावर थर रचून होते आणि थरांमधला जोडच सर्वांत कच्चा असतो. ब्रॅकेट उभा छापला तर वजन पडताच तिथून तुटतो, आडवा छापला तर टिकतो.

खर्चाची भीती मात्र उगाच. किलोभर रीळ हजार रुपयांच्या आसपास मिळतं, नॉबला १० ग्रॅम लागतात, म्हणजे माल १० रुपयांचा. खरा खर्च माणसाच्या वेळेचा.

सगळंच छापता येतं, हा समज धोक्याचा. कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅसचा रेग्युलेटर, विजेचे स्विच आणि सॉकेट यांना हात लावायचा नाही. अन्नाला लागणारी भांडीही नकोत, कारण थरांच्या खाचांत जंतू साचतात. मोठ्या उपकरणांचे सुटे भाग आधी कंपनीकडे मागावेत. त्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे.

कमिटीने प्रस्ताव मंजूर करावा, पण अटींवर: हवा खेळती असलेली खोली, चालू यंत्राजवळ माणूस, वर्ज्य वस्तूंची यादी दारावर आणि चित्र काढणाऱ्याला मानधन. शेवटची अट मान्य नसेल, तर यंत्र घेऊच नये.