बांगडा, दूध आणि अंगावरचे चट्टे

कोकणातल्या बऱ्याच घरांत माशांच्या जेवणानंतर मुलांना दुधाचा पेला मिळत नाही. "मासे खाल्लेस ना? मग दूध नको, अंगावर पांढरे डाग उठतील," हे ऐकतच पिढ्या वाढल्या. सोलकढी चालते, कारण त्यातलं दूध नारळाचं. काही घरांत तर माशांच्या पानाला ताकही लागू देत नाहीत. इकडे बंगाली माणूस रोहूचे तुकडे दह्यात शिजवून 'दोई माछ' आवडीनं खातो. दही म्हणजे दूध नव्हे असं कोणी म्हणेल, तर स्कॉटलंडमध्ये धुरी दिलेला हॅडॉक मासा चक्क दुधात शिजवून त्याचं 'कलन स्किंक' नावाचं सूप करतात. कोड मात्र जगात सगळीकडेच साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना असतं. त्यात मासे न खाणारेही आलेच.

तरीही हा समज कुणा आजीच्या डोक्यातून निघालेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे आणि तिथे मासे व दूध ही जोडी ठळकपणे येते. कारण असं दिलंय की दोन्ही पदार्थ गोड रसाचे, पण दूध थंड आणि मासा उष्ण. हा विरोध रक्त बिघडवतो आणि शरीरातले मार्ग अडवतो. मला त्याहून रंजक वाटतो तो तिथला वाद. भद्रकाप्य नावाचे ऋषी मध्येच म्हणतात की एक चिलिचिम नावाचा मासा सोडला तर बाकीचे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही. चिलिचिम म्हणजे खवल्यांचा, लाल डोळ्यांचा, अंगभर लाल रेघा असलेला मासा. आत्रेय ते मान्य करत नाहीत. कोणताच मासा दुधाबरोबर नको, चिलिचिम तर मुळीच नको, असं ते सांगतात. म्हणजे आज स्वयंपाकघरात जो नियम निर्विवाद वाटतो, त्यावर ग्रंथातच मतभेद नोंदलेले आहेत. त्याच अध्यायात पुढे एक सूटही आहे. ज्याला सवय आहे, ज्याचा जठराग्नी चांगला आहे, जो तरुण आहे, व्यायाम करतो किंवा थोडंसंच खातो, त्याला विरुद्ध आहार सहसा बाधत नाही. घराघरांत नियम पोचला, सूट मागे राहिली.

आता पोटात काय होतं ते पाहू. दूध जठरातल्या आम्लात फाटतं. ते रोजच फाटतं, मासे खाल्ले असोत वा नसोत. माशातली प्रथिनं आणि दुधातली प्रथिनं पाचकरसांनी तुटून शेवटी त्याच अमिनो आम्लांत मोडतात, आणि एकाच्या पचनात दुसऱ्यानं विष तयार व्हावं असं काही घडत नाही. शिवाय मासे जठरात काही तास असतात. त्यामुळे जेवणानंतर अर्ध्या तासानं घेतलेलं दूध त्यात मिसळतंच. दोन्ही एकत्र जड होतात, एवढं मात्र खरं. तळलेल्या सुरमईवर सायीचं दूध घेतलं तर रात्री पोट फुगणारच.

मग "आमच्याकडे खरंच असं झालं होतं" असं शपथेवर सांगणारी माणसं खोटं बोलतात का? नाही. मासे खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर चट्टे उठणं हे खरंच घडतं. पण त्यात दुधाचा हात नसतो.

बांगडा, तारली, कुपा आणि सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर कल्ले आणि आतडी यांतले जिवाणू मांसात पसरतात आणि हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे रसायन सोडतं, तेच हे. इथे ते ताटातूनच पोटात जातं. चार अंशांच्या खालच्या थंडीत ही क्रिया खूप मंद होते, पण आपल्या किनाऱ्यावरच्या तीस अंशांत काही तासांत पुरेसं हिस्टामिन साचू शकतं. शिजवल्यानं जिवाणू मरतात, हिस्टामिन जसंच्या तसं राहतं. त्याला वास नसतो, त्यामुळे मासा ताजा दिसूनही दगा देऊ शकतो. कधी तोंडात मिरीसारखी चुणचुण होते, तीच काय ती खूण.

समजा, सकाळी नऊला बाजारातून बांगडे आणले. बर्फ वितळून गेलेला. दुपारपर्यंत पिशवी ओट्यावरच राहिली, मग फ्रीजमध्ये गेली आणि रात्री बांगडे तळले. जेवून हात धुतल्यावर धाकट्यानं दूध प्यायलं. अर्ध्या-पाऊण तासात त्याचा चेहरा तापला, मानेवर लाल चट्टे आले, डोकं ठणकू लागलं, छातीत धडधडलं. मोठ्याला काहीच नाही, आणि त्यानं दूधही घेतलं नव्हतं. घरात निकाल लागला! पण हिस्टामिन सगळ्या माशांत सारखं नसतं. एकाच टोपलीतल्या दोन बांगड्यांत, किंवा एकाच माशाच्या दोन तुकड्यांत, त्याचं प्रमाण फार वेगळं असू शकतं. धाकट्याच्या वाट्याला वाईट तुकडा आला होता. चट्टे बहुतेकदा काही तासांत, फार तर दिवसभरात ओसरतात, आणि डॉक्टर ॲलर्जीवरचीच गोळी देतात.

खरी माशांची ॲलर्जी यापेक्षा वेगळी. ती एकाच माणसाला, ताजा मासा असला तरी, अगदी घासभर खाल्ला तरी, पुन्हा पुन्हा होते. हिस्टामिनचा त्रास झालेला माणूस पुढच्या आठवड्यात चांगला बांगडा मजेत खाऊ शकतो. ओठ सुजले, घसा आवळला किंवा श्वास लागला, तर मात्र दोन्हींत फरक शोधत बसू नये, दवाखाना गाठावा. आणि चट्टे नसून नुसतं पोट फुगणं, गुडगुड, जुलाब असतील तर दुधातली साखर पचत नसण्याची शक्यता जास्त. आपल्या देशात मोठेपणी अनेकांना ती पुरेशी पचत नाही. अशांनी मासे न खाता नुसतं दूध पिऊन पाहिलं की उत्तर मिळतं.

थोडक्यात, विचारायचं ते मासेवालीला: मासा कधीचा, बर्फ किती. उन्हाळ्यात माशाइतकाच बर्फ लागतो. घरी आल्यावर आतडी आणि कल्ले लगेच काढून मासा फ्रीजमध्ये टाकावा. ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसू नये.

राहिले पांढरे डाग. लाल चट्टे तासात उठतात आणि जातात. कोडाचे डाग आठवडे-महिने घेत वाढतात. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट करते, आणि त्याला आनुवंशिकतेची बाजूही असते. कोणत्या तारखेच्या जेवणाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. म्हणून निरोगी माणसानं मासे खाऊन दूध टाळलं तर त्याचं फारसं बिघडत नाही. ज्याला कोड आहे त्याचं मात्र या समजुतीनं खूप बिघडतं. त्याला मासे बंद, दूध बंद, आंबट बंद. आईनं लहानपणी काय खाऊ घातलं याची चौकशी. आणि पथ्य पाळत वर्ष निघून जातं. स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमसची मलमं आणि ठरावीक लहरींच्या अतिनील किरणांचा शेक या उपचारांनी डाग लहान आणि नवे असताना, विशेषतः चेहऱ्यावर, रंग परत येण्याची शक्यता जास्त असते. हातापायांची बोटं आणि केस पांढरे झालेले जुने डाग फार हट्टी असतात.